लॉगआउट केलं तरी जीमेल उघडंच: कॅफेच्या संगणकावरून उठण्याआधी काय, कुठून काढायचं

तक्रारी साधारण दोन प्रकारच्या येतात. पहिली अशी: "काल कॅफेत फॉर्म भरला, विंडो बंद करून आलो. आज त्याच मशीनवर बसलेल्या मित्राला माझं जीमेल जसंच्या तसं उघडं दिसलं." दुसरी अशी: "मी तर इन्कॉग्निटोमध्ये काम केलं, लॉगआउटही केलं. मग माझं आधार त्या मशीनवर कुणाला सापडलं कसं?"

दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा येते. लॉगिन राहतं ब्राउझरमध्ये, फाइल राहते डिस्कवर. इन्कॉग्निटो ब्राउझरपुरतं काम करतं, डिस्कवरच्या फाइलला ते हात लावत नाही. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे कॅफेवाल्याचा फोन. प्रिंटसाठी आपण फाइल त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते.

विंडो बंद केली तरी लॉगिन का टिकतं

आपण लॉगिन केलं की साइट ब्राउझरकडे एक कुकी ठेवायला देते. पुढच्या वेळी ब्राउझर ती दाखवतो आणि साइट पासवर्ड न विचारता आत घेते. काही कुक्या ब्राउझर बंद झाला की जाव्यात अशाच बनवलेल्या असतात, पण जीमेल, फेसबुक यांच्या कुक्या तशा नसतात. त्या मुद्दाम टिकवलेल्या असतात. त्यामुळे वरच्या कोपऱ्यातला फुलीचा शिक्का दाबणं म्हणजे लॉगआउट नव्हे.

त्यात कॅफेच्या मशीनवर अनेकदा आणखी एक गोष्ट चालू ठेवलेली असते. क्रोम उघडल्यावर मागच्या वेळचे सगळे टॅब परत यावेत, अशी ती सोय. ती चालू आहे का ते पाहायला ॲड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/onStartup
```

तिथे Continue where you left off निवडलेलं असेल, तर ब्राउझर बंद झाल्यावर जायला हव्यात त्या कुक्याही क्रोम सांभाळून ठेवतो. सकाळी मालकाने क्रोम उघडला की काल संध्याकाळचं तुमचं पान हजर. मित्राला दिसलेलं जीमेल बहुतेक असंच आलेलं असतं. मालकाची सोय म्हणून ही सेटिंग असते, यात त्याची लबाडी असेलच असं नाही.

गूगलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. साध्या विंडोत जीमेलला लॉगिन केलं की क्रोम स्वतःही त्या खात्याने साइन इन होऊ शकतो, किंवा तसं करू का म्हणून विचारतो. घाईत आपण हो म्हणतो. सिंक चालू झालं की आपले बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, सगळं त्या मशीनच्या क्रोममध्ये उतरतं. उलटंही घडतं, आणि ते जास्त वाईट. क्रोम कॅफेवाल्याच्या खात्याने साइन इन असतो आणि "पासवर्ड सेव्ह करू?" या प्रश्नावर आपण Save दाबतो. मग आपला पासवर्ड त्या मशीनपुरता राहत नाही, मालकाच्या गूगल खात्यात जातो आणि तिथून त्याच्या फोनवरही. त्या पेटीत नेहमी Never दाबायचं. चुकून Save झालंच, तर `chrome://password-manager/passwords` इथे साइटचं नाव शोधून नोंद काढता येते.

एक फॉर्म, आणि त्याच्या किती प्रती

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं उदाहरण घेऊ, कारण कॅफेतली बरीचशी गर्दी त्याचीच असते. एक विद्यार्थिनी उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान घेऊन येते. मूळ कागद कॅफेवाला स्कॅन करतो. पहिली प्रत तिथे, स्कॅनरच्या फोल्डरमध्ये. कडा कापून तो ती डेस्कटॉपवर सेव्ह करतो, ही दुसरी. पोर्टलला ठरावीक केबीत फाइल हवी असते, म्हणून आकार कमी करणाऱ्या एखाद्या साइटवर ती चढवली जाते. तिथून उतरवलेली लहान फाइल डाउनलोड्समध्ये येते, ही तिसरी. आधार तिच्या फोनवर होतं, ते तिने व्हॉट्सॲप वेब उघडून घेतलं. म्हणजे डाउनलोड्समध्ये आणखी एक. डाउनलोड होतंय की नाही कळेना म्हणून बटण तीनदा दाबलं, तर त्याच नावाच्या पुढे (1) आणि (2) लागून आणखी दोन. शेवटी भरलेल्या अर्जाची पीडीएफ, ज्यात नाव, पत्ता, खातं क्रमांक सगळं एकाच पानावर.

ती उठताना डेस्कटॉपवरच्या फाइल डिलीट करते. त्या जातात रिसायकल बिनमध्ये. बाकीच्या जागच्या जागी.

यातली कुठलीही प्रत ब्राउझरची नाही. इतिहास पुसला, कुक्या पुसल्या, तरी या फाइल हलणार नाहीत. मशीन रिस्टार्ट केल्यानेही जाणार नाहीत.

उठण्याआधी: क्रम महत्त्वाचा आहे

बसल्या बसल्याच Ctrl+Shift+N दाबून इन्कॉग्निटो उघडावं, फायरफॉक्स असेल तर Ctrl+Shift+P. क्रोममध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून गेस्ट विंडो मिळत असेल तर तीही चांगली, तिथे मालकाचं प्रोफाइल मध्ये येत नाही. हे आधी केलेलं असेल, तर शेवटी फार आवरावं लागत नाही.

आता नेमकी गोम. आधी फाइल काढायच्या, विंडो नंतर बंद करायची. इन्कॉग्निटो बंद झालं की त्यात उतरवलेल्या फाइलची यादी जाते, फाइल मात्र राहते. म्हणजे ती कुठे पडली हे शोधायचा सोपा मार्गच आपण बंद करून बसतो. म्हणून विंडो उघडी असतानाच Ctrl+J दाबा. यादीतल्या प्रत्येक फाइलपुढे फोल्डर दाखवणारं चिन्ह असतं, ते दाबलं की फाइल जिथे खरोखर आहे ते फोल्डर उघडतं. डाउनलोड्स असेल असं गृहीत धरू नका. कॅफेत बरेचदा डी ड्राइव्हवरचं एखादं फोल्डर किंवा डेस्कटॉप लावलेला असतो. आणि यादीतून नाव काढलं म्हणजे फाइल गेली असं होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

फोल्डर उघडलं की तारखेप्रमाणे लावून घ्या. आजच्या फाइल वर येतील, (1) आणि (2) वाल्या प्रतीही शेजारीच दिसतील. आपल्या तेवढ्या निवडून Shift+Delete. साध्या Delete ने त्या रिसायकल बिनमध्ये जातात, Shift धरलं की थेट जातात. मग तेच स्कॅनरच्या फोल्डरमध्ये आणि डेस्कटॉपवर. स्कॅन कुठे सेव्ह होतात ते कॅफेवाल्याला सरळ विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारायची सोय नसेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये डाव्या बाजूला सगळ्यात वर असलेलं Quick access किंवा Home उघडा. नुकत्याच उघडलेल्या फाइलची यादी तिथे असते, तिच्यावरून जागा कळते. Win+R दाबून `recent` टाकलं तरी तीच यादी येते. या नोंदी म्हणजे नुसते शॉर्टकट, पण फाइलचं नाव दाखवतात. नावातच आडनाव आणि "उत्पन्न दाखला" लिहिलेलं असेल तर त्याही काढाव्यात.

डेस्कटॉपबद्दल एक जास्तीची खबरदारी. फाइलच्या चिन्हावर छोटा ढग किंवा हिरवी बरोबरची खूण दिसत असेल, तर ते फोल्डर मालकाच्या वनड्राइव्हला जोडलेलं आहे. तुम्ही सेव्ह केलेली फाइल तेव्हाच वर गेली. मशीनवरून डिलीट केली की वनड्राइव्हवरूनही जाते, पण तिथल्या रिसायकल बिनमध्ये. वैयक्तिक खात्यात ती 30 दिवस तिथे राहते आणि तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून सेव्ह करताना जागा निवडायला मिळाली, तर डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्सपेक्षा डाउनलोड्स बरं. वनड्राइव्हचा बॅकअप स्वतःहून डाउनलोड्स घेत नाही.

फाइल आवरल्या की मग लॉगआउट. जीमेलमध्ये उजवीकडच्या फोटोवर जाऊन Sign out. त्यानंतर येणाऱ्या पानावर तुमचा ईमेल पत्ता अजून दिसत असेल, तर Remove an account ने तोही काढा. पासवर्ड विचारेल हे खरं, पण पत्ता तरी पुढच्याला का दाखवायचा? पोर्टलवरही त्यांच्या बटणानेच बाहेर पडा. मग ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबून पाहा. काही साइट लॉगआउटनंतरही आधीचं पान दाखवतात.

साध्या विंडोत काम केलं असेल तर आता Ctrl+Shift+Delete. वेळ निवडताना शेवटचा एक तास, किंवा जेवढा वेळ बसलात तेवढा. All time निवडलं तर मालकाची स्वतःची लॉगिनंही उडतील आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला मशीनला हात लावू देणार नाही. इतिहास, कुक्या, कॅश या तिन्हींवर खूण हवी. मात्र हे लॉगआउटच्या आधी करू नका, त्याला दोन कारणं आहेत. क्रोम तुमच्या खात्याने साइन इन असताना कुक्या पुसल्या तरी गूगलचं लॉगिन तो ठेवू शकतो. आणि सिंक चालू असेल तर पुसलेला इतिहास तुमच्या फोनवरूनही जातो.

दोन बारीक गोष्टी राहतात. Win+V दाबून पाहा. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर तुम्ही कॉपी केलेला आधार क्रमांक, खातं क्रमांक तिथे ओळीने दिसतील. Clear all. दुसरं, फॉर्मच्या रकान्यात टिचकी मारल्यावर तुमचं नाव किंवा नंबर खाली सुचवला जात असेल, तर बाणाने त्यावर जाऊन Shift+Delete दाबलं की ती सूचना जाते.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? ब्राउझर पूर्ण बंद करा. टास्कबारवर एखादी छोटी करून ठेवलेली इन्कॉग्निटो विंडो राहिली नाही ना ते बघा, कारण सगळ्या इन्कॉग्निटो विंडो एकच सेशन वापरतात आणि एक जरी उघडी असली तरी लॉगिन जिवंत असतं. मग ब्राउझर पुन्हा उघडा, Ctrl+Shift+T दाबा. तुमचे टॅब परत येत असतील तर त्यात लॉगिनचं पान यायला हवं, आतलं नव्हे. आतलं आलं तर कुठेतरी लॉगआउट राहिलंय.

प्रिंट आणि व्हॉट्सॲप

कॅफेवाल्याच्या नंबरवर फाइल पाठवणं हा आता रिवाजच झालाय. काउंटरवर नंबर छापलेला असतो, त्यावर अख्ख्या गावाची आधार कार्डं. प्रिंट हातात पडल्यावर ती फाइल Delete for everyone करावी. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांपर्यंत ते करता येतं. पण कॅफेवाल्याने स्वतःच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेबमधून ती उतरवून प्रिंट काढली असेल, तर ती उतरवलेली प्रत राहतेच. त्याच्यासमोर उभं राहून "तेवढी फाइल काढून टाका ना" म्हणणं, हाच खरा उपाय.

त्यापेक्षा जीमेलमध्ये स्वतःला फाइल पाठवून, इन्कॉग्निटोत तिचं प्रिव्ह्यू उघडून तिथूनच प्रिंट दिलेली बरी. फाइल डाउनलोड्समध्ये उतरतच नाही. आधारची प्रिंट हवी असेल आणि समोरच्याला पूर्ण क्रमांक लागत नसेल, तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार घ्यावं. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती मागे राहिली तरी चालेल, असं समजू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. बाजूलाच पडलेल्या कागदांवर दोन्ही असू शकतात.

व्हॉट्सॲप वेबचं लॉगआउट मात्र फोनवरूनच करावं, Linked devices मध्ये जाऊन. पूर्वी फोनचं नेट बंद केलं की वेबही बंद पडायचं, त्यामुळे "घरी गेल्यावर आपोआप तुटेल" अशी समजूत अजून आहे. आता तसं राहिलेलं नाही. जोडलेलं उपकरण फोन बंद असतानाही चालतं. 14 दिवस मुख्य फोन वापरलाच नाही तर ते तुटतं, आणि तुम्ही फोन रोज वापरताच.

घरी आल्यावर आठवलं तर

बस सुटल्यावर आठवणं नेहमीचंच. सेशन तेवढी फोनवरून तोडता येतात. गूगलसाठी `myaccount.google.com` उघडून Security मध्ये Your devices. तिथे विंडोजचं अनोळखी मशीन दिसेल, त्याला Sign out. व्हॉट्सॲपचं वर सांगितलं. टेलिग्राममध्ये Settings, मग Devices, तिथे बाकीची सगळी सेशन एका फटक्यात बंद करता येतात. फेसबुक, इन्स्टाग्राममध्येही कुठे कुठे लॉगिन आहे याची यादी सेटिंग्जमध्ये मिळते.

पासवर्ड बदलायचा असेल तर स्वतःच्या फोनवरून, त्याच कॅफेत परत जाऊन नव्हे. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन आपोआप तुटतं. फाइलचं मात्र दुरून काहीच करता येत नाही. कॅफेत फोन करून मशीन क्रमांक आणि साधारण वेळ सांगावी आणि फाइल काढायला लावावी. एवढाच मार्ग आहे.

आणि पोर्टलवर स्वतः लॉगिन करून प्रोफाइलमधला मोबाइल नंबर आणि ईमेल एकदा तपासा. ओटीपीची कटकट नको म्हणून काही कॅफेवाले स्वतःचाच नंबर टाकतात आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन वहीत लिहून ठेवतात. मशीन कितीही पुसलं, तरी खात्याची किल्ली त्या वहीत आहे. नंबर बदलून घ्या, मग पासवर्ड बदला.

ग्रंथालयातली मशीन

ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या लॅबमध्ये कधी कधी वेगळी व्यवस्था असते. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल, तर रिस्टार्ट केल्यावर मशीन ठरवून दिलेल्या जुन्या अवस्थेत परत जातं. घड्याळाजवळ पांढऱ्या अस्वलाचं छोटं चिन्ह दिसलं तर ते हेच. त्यावर लाल फुली असेल तर मात्र संरक्षण तात्पुरतं काढलेलं आहे. चिन्ह लपवलेलंही असू शकतं. शंका असेल तर ग्रंथपालांना विचारून डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाइल करा आणि रिस्टार्ट द्या. ती नाहीशी झाली, तर उठताना रिस्टार्ट पुरे. पण ही व्यवस्था बहुधा सी ड्राइव्हपुरतीच असते. डी ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल तशीच राहते.

जे पुसता येत नाही

डिलीट केलेली फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत काढता येते, कारण डिलीटने फक्त नोंद जाते, मजकूर लगेच जात नाही. त्यावर `cipher /w:C:` ही आज्ञा आहे. ती मोकळी जागा पुन्हा पुन्हा लिहून काढते, पण कॅफेत बसून हे करणं व्यवहार्य नाही, तासन् तास जातात. पुढचा गिऱ्हाईक सहज उघडून बघेल, एवढ्यापासून वाचायचं असेल तर Shift+Delete पुरतं. मालकानेच ठरवलं तर पुरत नाही.

मशीनवर कळ नोंदवणारं सॉफ्टवेअर असेल तर टाइप केलेला पासवर्ड गेलाच समजा, इन्कॉग्निटो असो वा नसो. ते आहे की नाही हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. म्हणून बँकेचं काम तिथे करूच नये. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असावी, आणि जिथे फोनने क्यूआर स्कॅन करून आत जाता येतं तिथे पासवर्ड टाइपच करू नये.

राहिला कॅफेचा स्वतःचा हिशेब. सायबर कॅफेसाठी 2011 साली आलेल्या नियमांनुसार ओळखपत्र बघून तुमचं नाव, पत्ता, वेळ आणि मशीन क्रमांक रजिस्टरमध्ये लिहिणं, आणि उघडलेल्या साइटच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. ब्राउझरचा इतिहास पुसल्याने त्या नोंदी जात नाहीत. त्यात तुम्ही कुठली साइट उघडली ते असतं, तुमच्या गुणपत्रिकेची प्रत नसते.